तिरिलबासाची एक्केचाळीस माणसं

सुचरितादी महांती आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकोणीस वर्षं राहतात. कंपनीचं जे समाजसेवेचं प्रतिष्ठान आहे, त्याच्या कचेरीत त्या अहवाल लिहितात. गावोगावचे कार्यकर्ते दर तिमाहीला आपापले कागद पाठवतात, कुणी आठ पानं, कुणी चाळीस. त्या सगळ्याचं पीठ करून दीदी विश्वस्तांसाठी चार पानं काढतात. किती माणसांना लाभ झाला, मंजूर रकमेपैकी किती खर्च झाला, आणि त्यातून लोकांचं नेमकं काय बदललं. तीनच गोष्टी. कचेरीत त्यांना मागून ‘कात्री’ म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक आहे.

एकदा मी विचारलं, “दीदी, लोक एवढं लिहून पाठवतात आणि तुम्ही छाटता कशाला?”

“वहिनी, एकच बाई आरोग्य शिबिराला येते, परसबागेचं बी नेते आणि नळाचं पाणी भरते. तिच्या तीन बाया होतात कागदावर. मी तिची परत एक करते. एक माणूस एकदाच. माझी सगळी नोकरी एवढ्या एका वाक्याची आहे.”

दीदी मूळच्या बालेश्वरच्या. लग्न केलं नाही. पन्नाशीला आल्या तरी चालणं तरतरीत, केस घट्ट बांधलेले, पर्समध्ये नेहमी लाल शाईचं पेन आणि पानाचा डबा. मोजण्याची त्यांना सवयच. आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या की प्रसाद घेता घेता सांगणार, “त्रेसष्ट माणसं झाली, वहिनी. सांजा पुरेल.” आणि पुरायचा. माझ्या रोजच्या वहीत त्यांचं नाव इतक्या वेळा आलंय की आमचे हे म्हणतात, “हिशेब त्यांचा आणि वही तुझी.”

तर गेल्या जानेवारीची गोष्ट. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. दुपारी दीदी आल्या ते कागदांची चळत घेऊनच. मी तिळाच्या वड्या पुढे केल्या, तर हात लावला नाही.

“वहिनी, जरा हे बघा. मला एकटीला बघवत नाहीये.”

कागद होता तिरिलबासा गावाचा. चाईबासाच्या पलीकडे, साल वृक्षांच्या जंगलाला टेकून ‘हो’ आदिवासींची वस्ती. एकसष्ट घरं. तिथं प्रतिष्ठानानं उन्हावर चालणारा पंप, टाकी आणि दारोदार नळ दिले होते. काम सुरू होण्याआधी बाहेरच्या एका संस्थेनं पाहणी केली, तेव्हा माणसं भरली तीनशे अठरा. डोई पाच हजार रुपये ही मर्यादा, म्हणून पंधरा लाख नव्वद हजार मंजूर झाले. पण कूपनलिकेला मध्येच कातळ लागला, खोल जावं लागलं, आणि खर्च गेला सतरा लाख ब्याण्णव हजारांवर. दहा टक्क्यांवर फरक पडला की विश्वस्तांना कारण लिहून द्यावं लागतं. इथे पावणेतेरा टक्के होता.

“मग कारण आहे ना. कातळ लागला,” मी म्हटलं.

“कारण आहे. पण आता माणसं बघा.”

सोमबारी देवगम नावाच्या कार्यकर्तीनं घरोघर फिरून नवी यादी पाठवली होती. त्यात माणसं होती तीनशे एकोणसाठ. एक्केचाळीस जास्त.

“एक्केचाळीस जन्मली एका वर्षात?”

“एकही जन्मलेली नाही यातली. आणि तीनशे एकोणसाठनं भागलं, तर डोई खर्च येतो चार हजार नऊशे ब्याण्णव. मर्यादेच्या बरोब्बर आत. सहायसाहेब म्हणतात, पोरगीनं मर्यादेत बसवायला माणसं घुसडली.”

राघवेंद्र सहाय म्हणजे प्रतिष्ठानाचे प्रमुख. खोल खणायला फोनवरून त्यांनीच होकार दिला होता, तेव्हा या आकड्यासाठी कुणी आपल्याकडे बोट दाखवण्याआधी त्यांना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचं होतं. त्यांनी दीदींना सांगितलं होतं, सारांशात लिहा, कार्यकर्तीनं खोटी यादी दिली, तिला काढण्यात येत आहे. विश्वस्तांची बैठक फेब्रुवारीत कोलकात्याला. सोमबारी नवऱ्यामागे दोन मुली आणि सासू पोसत होती. शिवाय ‘खोटी यादी’ असं एकदा कागदावर आलं की या जिल्ह्यात तिला कुठलीच संस्था उभी करणार नव्हती.

“मग लिहा तुम्ही. खोटं असेल तर खोटं,” मी म्हटलं.

“तेच लिहायला बसले होते.” दीदींनी दुसरा कागद काढला. “पण पाणी बघा. टाकीतून गावाकडे जाणाऱ्या नळावर मीटर आहे. सोमबारी रोज सकाळी सहाला आकडा टिपते. हिशेब माणशी पंचावन्न लिटरचा असतो. तीनशे अठरा माणसांना साडेसतरा हजार लिटर लागायला हवं.”

“आणि लागतं किती?”

“एकोणीस हजार सातशे चाळीस. रोज. तीनशे एकोणसाठनं भागा.”

मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. पंचावन्नला शंभराव्या हिश्शाएवढा कमी.

“गळत असेल,” मी म्हटलं.

“गळणारं पाणी माणसं मोजून गळत नाही, वहिनी.”

यादीत त्या एक्केचाळीस जणांची नावं होती. कुणाचा सासरा, कुणाची काकू, कुणाचा थोरला. लिंग लिहिलेलं होतं. वयाचा रकाना तेवढा मोकळा. दीदींनी माझ्यासमोरच सोमबारीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“सोमबारी, वय का नाही भरलंस?”

“विचारलं होतं, दीदी. म्हणाले, आता वाढत नाही.”

“कुणाचं वाढत नाही?”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “तुम्ही या ना एकदा. फोनवर नाही सांगता येत.”

मंगळवारी आम्ही निघालो. दीदींनी मला ओढून नेलं. म्हणाल्या, “तुम्ही बरोबर असलात की बायका ओसरीवर तरी बसवतात. मला बघून त्यांना वाटतं, ही काही तरी कापायला आली.” माझा मंगळवारचा उपास होता. पिशवीत केळी आणि पाण्याची बाटली घेतली, सकाळची पूजा लवकर उरकली.

त्या दिवशी हाट, म्हणजे आठवडी बाजार होता. वाटेत सगळं तिरिलबासा आम्हाला समोरून येताना भेटलं, डोक्यावर टोपल्या, पोरं कडेवर. गावात पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. रस्ते झाडून स्वच्छ, भिंतींना काळी-तांबडी माती चोपडलेली, आणि अंगणाच्या कडेला जमिनीलगत पसरलेल्या मोठमोठ्या दगडी शिळा. त्यांच्याखाली घरची गेलेली माणसं असतात. शिळांवर कुणी धान वाळत घातलं होतं.

सोमबारी टाकीपाशी उभी होती. चौतिशीची बाई, उन्हानं रापलेली, साडीवर पुरुषी स्वेटर. “जोहार” म्हणाली आणि लगेच दीदींना म्हणाली, “मला काढणार आहात, असं ऐकलं.”

“ऐकलंस ते अजून लिहिलेलं नाही. आधी सांग, ही माणसं कोण?”

“घरातली.”

“जिवंत?”

सोमबारीनं दीदींकडे नीट पाहिलं. “तुम्ही तसं कुठे विचारलं होतं?” तिनं पिशवीतून एक मळका कागद काढला. दीदींच्याच हाताखालून गेलेली सूचना होती ती, लाल शाईत त्यांची सही. सोमबारीनं वाचून दाखवलं. “रेशन कार्डावरून नावं उतरवू नयेत. घरच्या बाईला विचारावं, घरात कोण कोण राहतं, आणि ती सांगेल ते जसंच्या तसं लिहावं.”

कार्डांवर गेलेल्यांची नावं राहतात आणि नव्या सुनांची चढत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी ती सूचना दीदींनीच काढली होती.

“मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी लिहिलं,” सोमबारी म्हणाली. “माझ्या सासऱ्यांचंही नाव आहे त्यात. खोटं लिहायचं असतं तर वय काय, साठ-पासष्ट टाकलं असतं.”

मग तिनं सांगितलं. माणूस गेला की काही दिवसांनी त्याला परत घरी बोलावून आणतात. स्वयंपाकघराच्या आत एक अंधारी जागा असते, आदिंग म्हणतात. तिथे राख पसरून दार ओढून घेतात. राखेवर खूण उमटली, मुंगीच्या पायाएवढी का असेना, की माणूस आला. मग तो तिथंच राहतो. जेवणाआधी त्याचं काढतात, सणाला त्याला सांगतात. तिथं बाहेरच्यानं पाऊल टाकायचं नाही.

मला नवल वाटलं नाही. आमच्या देवघरात सासऱ्यांचा आणि आजेसासऱ्यांचा चांदीचा टाक आहे, रोज गंध लागतं. पण आमच्या टाकांनी कधी पाणी मागितलं नव्हतं.

“बरं. हे मी समजू शकते,” दीदी म्हणाल्या. “पण पाणी?”

“पाण्याचं मला ठाऊक नाही, दीदी. दोनदा प्लंबर आणला. तो म्हणतो, कुठं गळत नाही. मी आकडा लिहिते, बस.”

मीटर टाकीच्या पायाशी लोखंडी पेटीत होतं. सोमबारीनं झाकण उघडलं. काचेखाली छोटी तांबडी चांदणी असते, थेंबभर पाणी गेलं तरी ती फिरते. फिरत होती. सावकाश, दिवा ओवाळताना हात फिरतो तशी.

“गावात आत्ता किती माणसं?” दीदींनी विचारलं.

“रायमुनी आजी. आणि चार बाळंतिणी-म्हाताऱ्या. बाकी हाटात.”

“मग नळ कोण वापरतंय?”

सोमबारीनं खांदे उडवले.

दीदींनी यादी घेतली, लाल पेन घेतलं आणि घरोघर निघाल्या. मी मागोमाग. सगळे नळ बंद होते. मी स्वतः हात लावून पाहिले, चावी घट्ट, तोंड कोरडं. काही नळांखालची माती पांढरीफटक होती. काहींखाली ओली. नुकतीच कुणी कळशी उचलून नेल्यासारखी ओली, मधोमध बुडाचा गोल. पण कळशी कुठेच नाही, आणि ओल्या मातीत पावलं नाहीत. दारं ओढलेली. एका घरापुढे मी थांबले, कारण आत कुणी तरी पाणी ओतल्याचा आवाज आला. भांड्यातून भांड्यात, न सांडता. बाहेरून कडी होती.

“ऐकलंत?” मी विचारलं.

“चला पुढे,” दीदी म्हणाल्या. ओली माती दिसेल तिथं त्या यादीत त्या घरापुढे टिंब देत होत्या. मी मनात रामरक्षा म्हणत होते, तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा शेवटचं घर आलं.

शेवटचं घर रायमुनी सिंकू आजीचं. ती ओसरीवर बसून पळसाच्या पानांचे द्रोण टाचत होती. ऐंशीच्या पुढची, दातांची वजाबाकी झालेली, डोळे मात्र लखलखीत. आम्हाला चटई दिली. सोमबारी तिचं बोलणं आम्हाला सांगू लागली.

“ही कोण? मोजणारी का?” आजीनं दीदींकडे हनुवटी केली.

“हो आजी,” दीदी म्हणाल्या.

“चार वर्षं कार्डावर माझं नाव नव्हतं. जिवंत होते, भात खात होते, आणि बाबू म्हणायचा, तू नाहीस. तेव्हा कुठं होतीस ग तू? आता जे आहेत त्यांना नाहीत म्हणायला आलीस होय?”

सोमबारी हे सांगताना हसली. दीदीही हसल्या, पण जरा उशिरा.

आजीनं मला द्रोणात भात आणि चटणी पुढे केली. मी म्हटलं, उपास आहे. “कुणासाठी?” “गणपतीसाठी.” “तो खातो का, तू उपाशी राहिल्यावर?” आजीनं तोच द्रोण उचलला, चिमूटभर भात काढून आतल्या अंधाराच्या दिशेनं ठेवला आणि म्हणाली, “आमचे खातात.”

“आजी, पाणीपण घेतात का?” दीदींनी विचारलं.

“पूर्वी आम्ही नदीवरून आणायचो, दोन कोस. तेव्हा बिचारे मागत नव्हते. आता दारात आहे.” तिनं पानाला काडी टोचली. “त्यांनी का नाही घ्यायचं?”

परत टाकीपाशी आलो तेव्हा चांदणी थांबली होती. दीदींनी टिंबं मोजली. तेहेतीस. मग मोकळ्या वयाची नावं असलेली घरं मोजली. एखाद्या घरात दोन, एका घरात तीन. घरं तेहेतीस. त्यांनी यादी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही मोजा.” मी मोजली. तीच घरं होती.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सोमबारीही होती, चौकापर्यंत. उतरताना तिनं एवढंच विचारलं, “दीदी, माझं काय?”

“मी जे पाहिलं ते लिहीन,” दीदी म्हणाल्या.

पुढचे दहा दिवस त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. खिडकीतून दिसायच्या, टेबलाशी, लाल पेन हातात. एका संध्याकाळी मी पोळीभाजी घेऊन गेले, तेव्हा सहायसाहेबांशी फोनवर बोलणं चाललं होतं.

“नाही सर. खोटी यादी म्हणता येणार नाही. सूचना माझी होती. हो, माझी चूक असं लिहिते. कातळाचं कारण आणि तुमच्या होकाराची तारीखही लिहिते. खर्च तीनशे अठरानंच भागलाय, डोई पाच हजार सहाशे पस्तीस. मर्यादेबाहेर आहे, तर बाहेर दिसू दे.”

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं.

“सर, मला काढायचं तर काढा. पण मग ही चार पानं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.”

फोन ठेवून त्यांनी मला तो परिच्छेद वाचून दाखवला. मी वहीत उतरवून घेतला. “लाभार्थी: तीनशे अठरा व्यक्ती, प्रत्येक एकदाच मोजलेली. घरच्या बायकांनी आणखी एक्केचाळीस जण घरात राहतात असं सांगितलं. ते दिवंगत आहेत. कार्यकर्तीनं दिलेल्या सूचनेप्रमाणे नोंद केली, तिचा दोष नाही. यापुढे त्यांचा रकाना वेगळा ठेवावा. परिणाम: पाणी आणण्याचे रोजचे सरासरी तीन तास वाचले. पाण्याचा वापर माणशी बासष्ट लिटर, अपेक्षा पंचावन्न. जास्तीच्या वापराचं कारण सापडलं नाही. मीटर तपासून घेतलं आहे, बरोबर आहे.”

“कारण सापडलं नाही?” मी विचारलं.

“मला सापडलं ते कारणाच्या रकान्यात मावत नाही, वहिनी.”

कोलकात्याच्या बैठकीत काय झालं ते त्यांनी येऊन सांगितलं. सहायसाहेब घाम पुसत होते. भादुडी नावाच्या वयस्कर विश्वस्त बाई चष्मा काढून म्हणाल्या, “हे सात लिटर जातात कुठे?” दीदी म्हणाल्या, “मोजमाप बरोबर आहे, मॅडम. उत्तर माझ्याकडे नाही.” बाईंनी पान उलटलं, परत मागे घेतलं, त्या एक्केचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “जी मुलगी इतकं जसंच्या तसं लिहिते, तिला कशाला हलवता? मोजत राहू दे तिला.” वाढीव खर्च मंजूर झाला. सोमबारी राहिली. सहायसाहेब त्यानंतर दीदींशी कामापुरतं बोलतात.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण एप्रिलमध्ये पुढचा अहवाल आला. दीदी सकाळी सकाळी आल्या, माझी पूजा चालू होती. त्या गुपचूप पाटावर बसल्या. आरती झाल्यावर मी तीर्थ दिलं, ते त्यांनी घेतलं.

“रायमुनी आजी गेली. मार्चच्या सहा तारखेला.”

मी हात जोडले.

त्यांनी सोमबारीचा कागद उलगडला. आता दोन रकाने होते. घरात राहणारे: तीनशे सतरा. आणि वेगळे: बेचाळीस. खाली मीटरचे रोजचे आकडे, तिच्या गोल अक्षरात. पाच मार्चपर्यंत एकोणीस हजार सातशे चाळीस. सहा मार्चपासून एकोणीस हजार सहाशे पंच्याऐंशी.

“पंचावन्न कमी,” मी म्हटलं. “बरोबर आहे. आजी गेली ना.”

“खाली वाचा.”

नऊ दिवस तोच आकडा होता. पंधरा मार्चपुढे सोमबारीनं कंसात लिहिलं होतं, ‘आज आजीला घरी आणलं.’ आणि त्या दिवसापासून परत एकोणीस हजार सातशे चाळीस. सोळा, सतरा, अठरा, थेट महिनाअखेरपर्यंत.

देवघरात समई होती, टाकांवरचं गंध अजून ओलं होतं. मग दीदींनी पर्समधून लाल पेन काढलं, झाकण उघडलं आणि माझ्याच पाटावर कागद ठेवून तिमाहीच्या मसुद्यात शेवटची ओळ भरली.

“तिरिलबासा. पाण्याचा वापर: पूर्ववत.”